बाण कोणाकडून कोणाकडे? आर्किटेक्चर डायग्राम वाचण्याची रीत

सॉफ्टवेअरचा आर्किटेक्चर डायग्राम म्हणजे एखादी प्रणाली कोणत्या स्वतंत्र भागांची बनली आहे आणि ते भाग एकमेकांशी कसे बोलतात, याचे चित्र. चौकटी भाग दाखवतात, बाण त्यांच्यातला संवाद दाखवतात. कंपनीत नव्याने रुजू झालेल्या इंटर्नसमोर असे चित्र पहिल्याच आठवड्यात येते. त्यात तीस-चाळीस चौकटी असल्या की नजर नावांवर अडकते. कुठे रेडिस लिहिलेले असते, कुठे काफ्का, आणि कुठे एखाद्या टीमने हौसेने आपल्या सर्व्हिसला ठेवलेले ‘गरुड’सारखे नाव. खरे तर नावे हा त्यातला सोपा भाग आहे. कोणतीही चौकट काय करते हे शेजारच्या माणसाकडून एका वाक्यात कळते. अडचण बाणांची असते, कारण चौकटीला निदान नाव तरी असते. बाणावर बहुतेक वेळा काहीच लिहिलेले नसते, आणि त्याचा अर्थ चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात राहून जातो.

हा अर्थ कोणी ठरवून दिलेला नाही असे नाही. यूएमएल ही सॉफ्टवेअरच्या चित्रांची खुणाभाषा १९९७ मध्ये मानक म्हणून स्वीकारली गेली आणि तिच्यात प्रत्येक रेषेचा अर्थ ठरलेला आहे. तिच्यात तुटक रेषेचा बाण अवलंबित्व दाखवतो, म्हणजे एका भागात बदल केला तर दुसऱ्यावर परिणाम होऊ शकतो एवढेच सांगतो. पण रोजच्या कामात टीम जी चित्रे काढतात ती क्वचितच काटेकोर यूएमएल असतात. तिथे तुटक बाणाचा अर्थ बहुधा ‘निरोप ठेवला आणि पुढे गेले, उत्तरासाठी थांबले नाही’ असा असतो. काही चित्रांत तीच तुटक रेषा ‘हे अजून बांधायचे आहे’ यासाठीही वापरलेली दिसते. म्हणून कोपऱ्यात खुणांची सूची आहे का, हे आधी पाहावे. सूची नसेल तर ‘तुटक रेषा म्हणजे इथे काय?’ हा प्रश्न नवख्याने विचारण्यात काही कमीपणा नाही. जुन्या माणसांकडूनही त्याची दोन वेगवेगळी उत्तरे मिळण्याची शक्यता असते.

चित्र किती उंचीवरून काढले आहे हेही सुरुवातीलाच ओळखावे लागते. सायमन ब्राउन यांनी मांडलेल्या सी-फोर पद्धतीत चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर संपूर्ण प्रणाली एकाच चौकटीत असते आणि तिच्याभोवती वापरणारी माणसे व बाहेरच्या प्रणाली असतात. दुसऱ्या पातळीवर ती चौकट उघडते आणि स्वतंत्रपणे चालणारे भाग दिसतात: मोबाइल ॲप, सर्व्हरवरचा प्रोग्रॅम, डेटाबेस. या भागांना ब्राउन ‘कंटेनर’ म्हणतात. डॉकरच्या कंटेनरशी त्याचा थेट संबंध नाही, आणि हा घोटाळा नव्या माणसांचा हमखास होतो. तिसऱ्या पातळीवर एकेका भागाच्या आतले घटक येतात आणि चौथ्यावर प्रत्यक्ष कोड. बहुतेक चर्चा दुसऱ्या पातळीवर होतात. एकाच चित्रात एक चौकट म्हणजे आख्खी पेमेंट कंपनी आणि शेजारची चौकट म्हणजे कोडमधला एक छोटा क्लास, असे दिसले तर गोंधळ वाचणाऱ्याचा नसून चित्राचा आहे.

दुसऱ्या पातळीचे एक साधे चित्र घेऊ: बसचे तिकीट ऑनलाइन काढण्याची प्रणाली. अनेक टीम असे चित्र हाताने न काढता मजकुरात लिहून कोडसोबतच ठेवतात. मर्मेड नावाच्या साधनात ते असे लिहिता येते:

```
flowchart LR
  App --> LB --> Booking
  Booking --> Redis
  Booking --> DB[(PostgreSQL)]
  Booking --> Gateway
  Gateway -->|webhook| Booking
  Booking -.-> Queue
  Queue -.-> Worker
```

यातले `-->` म्हणजे सलग बाण आणि `-.->` म्हणजे तुटक बाण. `[( )]` मधले नाव सिलिंडरच्या आकारात उमटते. डेटाबेससाठी सिलिंडर काढण्याची प्रथा फ्लोचार्टच्या जुन्या चिन्हांतून आली, जिथे तो आकार चुंबकी डिस्कवरचा साठा दाखवत असे. आज साठा कशावरही असला तरी सिलिंडर दिसला की ‘इथे माहिती टिकून राहते’ असे समजावे. `LB` म्हणजे आलेल्या विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर, `Redis` म्हणजे वारंवार लागणारी माहिती तात्पुरती हाताशी ठेवणारी कॅश, `Gateway` म्हणजे पैसे स्वीकारणारी बाहेरची कंपनी, `Queue` म्हणजे निरोपांची रांग आणि `Worker` म्हणजे त्या रांगेतले निरोप घेऊन प्रवाशाला तिकिटाचा संदेश पाठवणारा प्रोग्रॅम.

असे चित्र डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली वाचत गेले तर फारसे हाती लागत नाही. त्यात एक माणूस आणि त्याचे एक काम सोडून ते शेवटपर्यंत न्यावे लागते. समजा पुण्याहून कोल्हापूरला जाणारी एक प्रवासी सकाळी सात वाजता ॲप उघडते आणि रात्रीच्या गाडीतले आसन १४ निवडते. आता प्रत्येक बाणापाशी थांबून तीन गोष्टी विचारायच्या: बोलायला सुरुवात कोणी केली, बाणावरून काय गेले आणि पाठवणारा उत्तराची वाट पाहत थांबला का.

पहिला बाण ॲपकडून लोड बॅलन्सरकडे आणि तिथून बुकिंग सर्व्हिसकडे जातो. सुरुवात ॲपने केली, आसन मागणारी विनंती गेली, आणि ॲप थांबले आहे. पडद्यावर चक्र फिरते आहे. उत्तर त्याच वाटेने उलटे येते, पण उत्तराचा बाण चित्रात नाही. हे चुकीचे नाही. विनंती-उत्तराच्या जोडीसाठी एकच बाण काढण्याची पद्धत आहे आणि तो विनंतीच्या दिशेने काढला जातो. दोन्हीकडे टोक असलेला बाण मात्र संशयाने पाहावा. तो कधी ‘दोघेही एकमेकांना स्वतंत्रपणे बोलावतात’ असे सांगतो, तर कधी नुसतेच ‘यांचा काहीतरी संबंध आहे’ एवढेच.

बुकिंग सर्व्हिसची चौकट एकच दिसते, पण मध्ये लोड बॅलन्सर आहे, म्हणजे तिच्या अनेक प्रती चालू असणार. एकच प्रत असती तर विनंत्या वाटायच्या कोणाला? या छोट्या अनुमानाचा उपयोग मोठा आहे. समजा कोणी नवख्याने कोड लिहिताना ‘आसन १४ दहा मिनिटे राखून ठेवले’ ही नोंद प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेमरीत ठेवली. त्याच्या लॅपटॉपवर एकच प्रत चालते, त्यामुळे सगळे बरोबर दिसेल. प्रत्यक्षात मात्र पहिली विनंती एका प्रतीकडे गेली आणि दुसऱ्या प्रवाशाची दुसऱ्या प्रतीकडे, तर दुसरीला त्या राखीव आसनाचा पत्ताच नसेल. चूक कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि ती गर्दीच्या वेळी जास्त दिसते. अशा चुकीचे कारण कोडमध्ये शोधत बसण्याआधी चित्रातला लोड बॅलन्सर पाहिला तर बराच वेळ वाचतो.

पुढे बुकिंग सर्व्हिसकडून दोन बाण निघतात, एक रेडिसकडे आणि एक डेटाबेसकडे. दोन्हींत आसनांची माहिती असेल तर खरी कोणती, हा इथला कळीचा प्रश्न. आसनांचा नकाशा दाखवताना कॅशमधून घेणे स्वस्त पडते, कारण शेकडो लोक तो नुसता पाहत असतात. पण कॅशमधले चित्र काही सेकंद जुने असू शकते. म्हणून आसन प्रत्यक्ष देताना निर्णय डेटाबेसनेच करायचा असतो. ‘एका फेरीतल्या एका आसनाची एकच नोंद’ हा नियम तिथे लावलेला असतो आणि दुसरी नोंद तो नाकारतो. ॲपवर आसन मोकळे दिसले, बोट लावले आणि ‘हे आसन आता उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर प्रवासी वैतागतो. पण प्रणालीने नेमके तेच करायला हवे होते. चित्रात हे दोन बाण अगदी सारखे दिसतात. त्यांच्यातला फरक सांगणारा एखादा शब्द बाणावर लिहिला असता तर वाचणाऱ्याचे काम सोपे झाले असते, पण बहुतेक चित्रे इतकी उदार नसतात.

आता पैशांचा भाग, जिथे हे चित्र सगळ्यात जास्त शिकवते. बुकिंग सर्व्हिस गेटवेला सांगते की अमुक रकमेची ऑर्डर तयार कर. हा सलग बाण. मग प्रवासी आपल्या यूपीआय ॲपमधून पैसे देते. ते काम या चित्राच्या बाहेर घडते, गेटवे आणि बँका यांच्यात. पैसे जमा झाल्याची खबर गेटवे स्वतःहून बुकिंग सर्व्हिसला देतो. `webhook` लिहिलेला उलटा बाण तो हाच. या बाणापाशी सुरुवात करणारा बदलला. आत्तापर्यंत आपली प्रणाली दुसऱ्याला बोलावत होती, आता बाहेरची कंपनी आपल्याला बोलावते आहे.

ही खबर पोहोचलीच नाही तर? त्याच क्षणी बुकिंग सर्व्हिसची नवी आवृत्ती चढवली जात असेल, किंवा नेटवर्क तुटले असेल. प्रवाशाच्या खात्यातून पैसे गेले, तिकीट मात्र आले नाही. भारतात ऑनलाइन व्यवहार करणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला आहे, आणि त्याचे एक मूळ नेमके या एका बाणात असू शकते. गेटवे सहसा पोच मिळेपर्यंत तीच खबर काही वेळा पुन्हा पाठवतात. पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. शहाणी प्रणाली दर काही मिनिटांनी स्वतः गेटवेला विचारते की अडकलेल्या ऑर्डरींचे काय झाले. वरच्या चित्रात त्या विचारपूशीचा बाण नाही. तो खरेच नाही की काढायचा राहिला, हे चित्रावरून कळणार नाही. ते विचारावेच लागते. इंटर्नने बैठकीत विचारावा असा हा एक उत्तम प्रश्न आहे.

खबर पुन्हा पाठवली जाते म्हटल्यावर उलटी अडचणही येते. पहिली खबर पोहोचली होती, फक्त तिची पोच वाटेत हरवली. गेटवेने ती पुन्हा पाठवली. बुकिंग सर्व्हिसने दोन्ही वेळा निमूटपणे काम केले, तर प्रवाशाला दोन संदेश जातील किंवा हिशेबात एकच रक्कम दोनदा जमा दिसेल. म्हणून प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक नोंदवून ‘हे आधीच झाले आहे’ असे ओळखणारी तपासणी लागते. तिसरा प्रसंग वेळेचा. आसन सात वाजता दहा मिनिटांसाठी राखले, सात वाजून दहा मिनिटांनी सुटले, सव्वासातच्या आधीच दुसऱ्याने घेतले, आणि पहिल्या प्रवाशाच्या पैशांची खबर सात वाजून सोळा मिनिटांनी आली. आता पैसे परत करण्याशिवाय मार्ग नाही, आणि परताव्याचा बाणही चित्रात नाही.

चौकटी-बाणांच्या चित्राची ही मोठी मर्यादा आहे: त्यात वेळ नसते. कोण कोणाशी बोलतो एवढे ते दाखवते, आधी काय आणि मग काय ते दाखवत नाही. त्यासाठी सिक्वेन्स डायग्राम असतो. त्यात भाग वरच्या बाजूला ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकाखाली उभी रेषा असते आणि वेळ वरून खाली सरकते. तो तयार नसेल तर आसन १४ चा प्रवास कागदावर तसा मांडून पाहावा. जिथे पेन अडते तिथे समज अडलेली असते.

आता तुटक बाणांकडे. पैसे मिळाल्यावर बुकिंग सर्व्हिस ‘तिकीट पाठवा’ असा निरोप रांगेत टाकते आणि लगेच ॲपला ‘तिकीट पक्के’ असे उत्तर देऊन मोकळी होते. संदेश पाठवणारा प्रोग्रॅम त्या वेळी बंद असला तरी तिकीट अडत नाही, निरोप रांगेत थांबून राहतो. बिघाडाचे लक्षणही वेगळे असते. सलग बाणाच्या टोकाचा भाग मंदावला की प्रवाशाला चक्र फिरताना दिसते आणि मध्यस्थ सर्व्हर वाट पाहून कंटाळला की `504` हा संकेत परत येतो. तुटक बाणाच्या टोकाचा भाग मंदावला तर कुठेही लाल दिवा लागत नाही. फक्त रांग वाढत जाते आणि संदेश तासाभराने येतो. म्हणून चित्रात रांग दिसली की तिची लांबी कोण पाहतो, हे विचारून ठेवावे.

`Queue` आणि `Worker` यांच्यातला बाण हा वाचनातला सगळ्यात फसवा बाण. वरच्या चित्रात तो रांगेकडून वर्करकडे जातो, कारण निरोप त्या दिशेने जातो. पण पुष्कळ प्रणालींत रांग कोणाला बोलावत नाही. वर्करच रांगेकडे जाऊन ‘माझ्यासाठी काही आहे का’ असे विचारत असतो. त्यामुळे दुसऱ्या टीमच्या चित्रात हाच बाण उलटा दिसेल आणि दोन्ही चित्रे बरोबर असतील. एकीने माल कुठे जातो ते दाखवले, दुसरीने हाक कोण मारतो ते. एकाच चित्रात दोन्ही पद्धती मिसळल्या असतील, आणि त्या हमखास मिसळलेल्या असतात, तर मात्र गफलत होते.

हा फरक पुस्तकी नाही. फायरवॉलमध्ये वाट उघडायची असते ती हाक मारणाऱ्याच्या दिशेने, मालाच्या दिशेने नव्हे. बिघाड कुठवर पसरेल याचा अंदाजही हाकेच्या बाणांवरूनच बांधता येतो. डेटाबेस बंद पडला तर काय काय पडेल, हे शोधायला त्याच्यापासून बाणांच्या उलट दिशेने चालत जायचे: डेटाबेसला बुकिंग सर्व्हिस हाक मारते, तिला लोड बॅलन्सरमार्फत ॲप हाक मारते, म्हणजे तिकीट काढणे बंद. वर्कर त्या वाटेवर नाही, त्यामुळे रांगेत आधी पडलेले संदेश जातच राहतील. बाण मालाचे असतील तर ही युक्ती चुकीचे उत्तर देते.

सलग बाणांची साखळी किती लांब आहे हेही मोजून पाहण्यासारखे आहे. एखादा भाग ९९.९ टक्के वेळ चालू असतो, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात साधारण ४३ मिनिटे बंद असतो. एकाच विनंतीसाठी असे पाच भाग एकापाठोपाठ लागत असतील आणि त्यांचे बिघाड एकमेकांशी संबंधित नसतील, तर पाचही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण ९९.५ टक्क्यांच्या आसपास येते. महिन्याला साडेतीन तासांहून थोडे जास्त. एकही भाग वाईट नसताना प्रणाली अशी ढिली होते, आणि ते एखाद्या चौकटीकडे पाहून नाही, साखळीकडे पाहून कळते.

शेवटचा प्रश्न चित्राच्या खरेपणाचा. चित्र काढले जाते एकदा, कोड बदलतो रोज. चित्रावर तारीख नसेल तर ते जुने आहे असे धरून चालावे. पडताळा घेण्याची सोपी जागा म्हणजे सर्व्हिसची कॉन्फिगरेशन. तिथे `DATABASE_URL`, `REDIS_URL` अशा नावांखाली ती कोणाकोणाला हाक मारते त्यांचे पत्ते असतात. चित्रातला प्रत्येक बाहेर जाणारा बाण या यादीत सापडला पाहिजे. यादीतल्या एखाद्या पत्त्याला चित्रात बाण नसेल तर काहीतरी निसटले आहे. चित्रात बाण असून पत्ता नसेल तर तो भाग बहुधा काढून टाकलेला आहे, किंवा पत्ता दुसरीकडून येतो. आत येणारे बाण मात्र या यादीत सापडत नाहीत. वेबहुकसारखे बाण शोधायला सर्व्हिस बाहेरच्यांसाठी कोणते पत्ते उघडते ते कोडमध्ये पाहावे लागते आणि त्या पत्त्यांवर खरोखर कोण येते ते लॉगमध्ये.

कोणत्या चौकटीबद्दल कोणाला विचारायचे, हेही बरेचदा चित्रातच लिहिलेले असते. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये निरीक्षण मांडले होते की संस्था ज्या प्रणाली घडवतात त्यांची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. बुकिंग आणि पेमेंट या दोन वेगळ्या चौकटी असतील तर बहुधा दोन वेगळ्या टीम असतात, आणि त्यांच्यातल्या बाणावर काय जाते याचा करार दोघींपैकी एकीकडे लिहिलेला असतो. इंटर्नने प्रत्येक चौकटीशेजारी पेन्सिलीने त्या टीमचे नाव टाकले, तर एखाद्या चौकटीपाशी लिहायला नावच सापडत नाही. ती चौकट कोण सांभाळते हे टीमप्रमुखाला विचारावे. तिला हाक मारणारे बाण तोवर लाल पेन्सिलीने खुणावून ठेवावेत.